हिमोग्लोबिन १८ आलंय: सिगारेट, घोरणं, जिमचं इंजेक्शन की बोन मॅरोचा आजार?

हिमोग्लोबिन कमी आलं की घरात लगेच बीट, खजूर, पालक सुरू होतं. पण रिपोर्टवर ते जास्त आलं तर? अनेकदा 'रक्त चांगलं आहे' असं म्हणून तो कागद फाइलमध्ये जातो. कधी याच्या उलट होतं. कुणीतरी इंटरनेटवर शोधतं, 'पॉलिसायथेमिया' हा शब्द सापडतो, त्यापुढे 'ब्लड कॅन्सर' लिहिलेलं दिसतं आणि झोप उडते.

पॉलिसायथेमिया म्हणजे रक्तात तांबड्या पेशी जास्त असणं. पण हा एकच आजार नाही. बोन मॅरो, म्हणजे हाडांच्या आतला पेशी तयार करणारा मगज, स्वतःहून बिघडतो तेव्हा त्याला 'पॉलिसायथेमिया व्हेरा' म्हणतात. हा रक्ताच्या कॅन्सरच्या गटातला, पण सहसा संथपणे वाढणारा आजार आहे. दुसऱ्या प्रकारात मॅरो ठणठणीत असतो. त्याला बाहेरून 'आणखी पेशी बनव' असा हुकूम येत असतो आणि तो बिचारा ऐकत असतो. हा 'सेकंडरी पॉलिसायथेमिया'. तो पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांमध्ये आढळतो.

रिपोर्टवरचा आकडा दोन्हीकडे सारखाच असू शकतो. उपचार मात्र वेगळे आहेत.

हुकूम कोण देतं?

आपल्या किडनीत ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या पेशी असतात. ऑक्सिजन कमी पडतोय असं वाटलं की त्या एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ नावाचं हार्मोन सोडतात. ते मॅरोत पोहोचतं आणि तांबड्या पेशींचं उत्पादन वाढतं. पेशी पुरेशा झाल्या की ईपीओ कमी होतं. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये ही साखळीच तुटते. मॅरोतल्या एका मूळ पेशीत जॅक-२ नावाच्या जनुकात बदल होतो. हा बदल जन्मजात नसतो, आयुष्यात पुढे कधीतरी होतो. त्यानंतर त्या पेशीची सगळी पिल्लावळ ईपीओची वाट न पाहता वाढत राहते. दाराची बेल दाबलेल्या अवस्थेत अडकून बसावी, तसं. २००५ मध्ये हा बदल सापडला आणि निदान खूप सोपं झालं, कारण व्हेराच्या जवळपास ९५ टक्के रुग्णांमध्ये तो असतो.

एक उदाहरण

समजा, ४३ वर्षांचा एक पुरुष आहे. माणूस काल्पनिक, पण असं कॉम्बिनेशन ओपीडीत दिसतं. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये त्याचं हिमोग्लोबिन १८.२ आणि हिमॅटोक्रिट ५५ टक्के आलं. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला हिस्सा. आपल्याकडच्या रिपोर्टवर तो बऱ्याचदा 'पीसीव्ही' म्हणून छापलेला असतो. पांढऱ्या पेशी ८,४००, प्लेटलेट्स २.४ लाख, म्हणजे दोन्ही ठीक.

पुरुषांत हिमोग्लोबिन १६.५ च्या किंवा हिमॅटोक्रिट ४९ टक्क्यांच्या वर आणि स्त्रियांत १६ किंवा ४८ टक्क्यांच्या वर गेलं, तर व्हेराचा विचार करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. फक्त तांबड्या पेशींची संख्या जास्त आणि हिमोग्लोबिन साधारण असेल, तर तो प्रश्न वेगळा. थॅलेसेमिया मायनरमध्ये असं हमखास होतं.

पहिली गोष्ट म्हणजे चाचणी पुन्हा करणं, तीही भरपूर पाणी प्यायल्यावर. जुलाब झाले असतील किंवा शरीरातलं पाणी कमी झालं असेल, तर पेशी तेवढ्याच राहतात पण पातळ भाग घटतो आणि आकडा फुगतो. आपल्या उदाहरणात दुसऱ्यांदाही १८ आलं. मग डॉक्टर प्रश्न विचारायला लागले आणि तीन गोष्टी बाहेर आल्या. दिवसाला १५ सिगारेट्स. रात्री प्रचंड घोरणं. आणि बराच वेळ का-कू केल्यावर, जिममधल्या ओळखीतून सुरू झालेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं.

सिगारेट आणि खोटं बोलणारं ऑक्सिमीटर

धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. समजा, या माणसाचं ८ टक्के हिमोग्लोबिन असं अडकलंय. म्हणजे १८.२ पैकी साधारण दीड ग्रॅम ऑक्सिजन वाहण्याच्या कामातून बाद. त्यातही उरलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं, पेशींना सहजासहजी सोडत नाही. किडनीला टंचाई जाणवते आणि ती हुकूम सोडते. शिवाय धूम्रपानामुळे रक्तातला पातळ भागही कमी होतो, त्यामुळे हिमॅटोक्रिट दोन्ही बाजूंनी चढतं.

कोविडनंतर घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं आणि ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणून ते खुशाल ९७ दाखवतं. खरं चित्र पाहायचं तर रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन वेगळं मोजावं लागतं. बिडी आणि हुक्क्याचंही असंच. तंबाखू मळून खाणाऱ्यांच्या बाबतीत मात्र धूरच नसल्याने हे कारण लागू होत नाही. (तिचे बाकीचे धोके आहेतच.)

घोरणं

स्लीप ॲप्नियात झोपेत घशाचा मार्ग बंद पडतो, श्वास काही सेकंद थांबतो, ऑक्सिजन खाली जातो, माणूस दचकून श्वास घेतो आणि पुन्हा तेच. रात्रभर असं चालतं आणि दिवसा दवाखान्यात मोजलेला ऑक्सिजन नॉर्मल येतो.

पण इथे घाई करू नये. ॲप्नियामुळे हिमॅटोक्रिट वाढतं ते सहसा थोडंच. फक्त ॲप्निया आणि हिमॅटोक्रिट ५५, असं चित्र असेल तर आणखी काहीतरी शोधायला हवं. वजन खूप जास्त असलेल्या काही जणांचा श्वास दिवसाही अपुरा पडतो, फुप्फुसांचा जुना आजार असू शकतो, किंवा असं काहीतरी असतं जे पेशंटने सांगितलेलंच नाही.

इंजेक्शन

आपल्या उदाहरणात सगळ्यात मोठा वाटा बहुधा याचाच. टेस्टोस्टेरॉन ईपीओ वाढवतं आणि हेप्सिडिन नावाचं प्रथिन कमी करतं. हेप्सिडिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या गोदामाचं कुलूप. ते सैल झालं की मॅरोला कच्चा माल भरपूर मिळतो. जेलपेक्षा इंजेक्शनने हा परिणाम जास्त होतो, कारण प्रत्येक डोसनंतर हार्मोन एकदम उसळतं. त्यावर कडी म्हणजे टेस्टोस्टेरॉनने स्लीप ॲप्निया बिघडूही शकतो.

वैद्यकीय कारणासाठी टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं हिमॅटोक्रिट ठरावीक काळाने तपासलं जातं. ते ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवायचं आणि आकडा उतरल्यावर कमी डोसवर सुरू करायचं, अशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जिममध्ये हे कोण मोजणार? डायबिटीसच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनीही हिमॅटोक्रिट थोडं वाढतं, तेव्हा औषधांची यादी डॉक्टरांना पूर्ण सांगावी.

मग फरक ओळखायचा कसा?

दोन रक्तचाचण्या कामाला येतात: ईपीओची पातळी आणि जॅक-२. व्हेरामध्ये मॅरो स्वतःच धावत असतो, म्हणून किडनी ईपीओ जवळपास बंद करते आणि पातळी कमी येते. सेकंडरीमध्ये ती नॉर्मल किंवा जास्त असते. एवढं हिमोग्लोबिन असताना ईपीओ 'नॉर्मल' असणं हेही बोलकं आहे, कारण खरं तर ते खाली जायला हवं होतं. मात्र एकट्या ईपीओवरून निकाल लावत नाहीत.

आपल्या माणसाचं ईपीओ नॉर्मल आणि जॅक-२ निगेटिव्ह आलं. सेकंडरीकडे बोट दाखवणारा निकाल.

आता तोच माणूस, त्याच सिगारेट्स, पण प्लेटलेट्स ६.२ लाख, पांढऱ्या पेशी १४ हजार, आणि गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंगाला विचित्र खाज सुटते. सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली. ईपीओ कमी, जॅक-२ पॉझिटिव्ह. हा व्हेरा. सिगारेट ओढणाऱ्यालाही व्हेरा होऊ शकतो. 'सिगारेटमुळे असेल' म्हणून चाचणी टाळली तर नेमकी हीच केस हातून निसटते. मेंदूचा झटका, हार्ट अटॅक किंवा यकृताच्या शिरेत झालेली गुठळी, यांतूनच व्हेरा पहिल्यांदा कळला असंही घडतं.

रक्त काढून टाकायचं का?

व्हेरामध्ये हो. शिरेतून ठरावीक रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांच्या खाली ठेवतात, सोबत बहुतेकांना कमी डोसची ॲस्पिरिन देतात. गुठळीचा धोका जास्त असलेल्यांना, म्हणजे साठीपुढच्या किंवा आधी गुठळी झालेल्या रुग्णांना, हायड्रॉक्सियुरियासारखं औषधही लागतं. ४५ हा आकडा ३६५ रुग्णांवरच्या इटलीतल्या एका चाचणीने पक्का केला. २०१३ मध्ये आलेल्या तिच्या निकालांत ज्यांचं हिमॅटोक्रिट ४५ ते ५० दरम्यान ठेवलं, त्यांच्यात हृदयविकार-पक्षाघाताने मृत्यू आणि मोठ्या गुठळ्यांचं प्रमाण जवळपास चौपट होतं.

हा ४५ चा नियम सेकंडरीला लावता येत नाही. तिथे वाढलेल्या पेशी ऑक्सिजनची तूट भरून काढत असू शकतात. वरचेवर रक्त काढलं तर लोह संपतं, थकवा येतो आणि हुकूम सुरूच असल्याने पेशी पुन्हा वाढतात. 'दर तीन महिन्यांनी रक्तदान कर, उतरेल' हा जिममधला सल्ला म्हणूनच फसवा आहे. आकडा तात्पुरता खाली येतो आणि इंजेक्शन बिनधास्त चालू राहतं. हिमॅटोक्रिट फारच वर असेल आणि त्रास होत असेल, तर रक्त काढायचा निर्णय डॉक्टर घेतात.

आपल्या माणसाला तीन कामं सांगितली गेली. सिगारेट बंद, स्लीप स्टडी आणि गरज असल्यास सीपॅप मशीन, आणि इंजेक्शन बंद. शेवटचं एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली, कारण बाहेरून हार्मोन मिळत असताना शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. शुक्राणूही कमी होतात. एकदम थांबवल्यावर काही महिने थकवा आणि उदासी येऊ शकते, आणि मग लोक पुन्हा सिरिंजकडे वळतात.

सिगारेट सुटल्यावर कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो. पण आधीच तयार झालेल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा तपासून निराश होण्यात अर्थ नाही. तीन-चार महिन्यांनी तपासावं. कारणं खरोखर दूर झाली आहेत आणि तरीही आकडा १८ वरच अडकलाय, तर शोध पुन्हा सुरू होतो. जॅक-२ च्या नेहमीच्या चाचणीत न दिसणारा, त्याच जनुकातल्या एक्झॉन १२ या भागातला बदल तपासतात. ईपीओ सोडणारी गाठ नाही ना, हे पाहायला किडनीची सोनोग्राफी होते. आणि गरज वाटली तर रक्तविकारतज्ज्ञ बोन मॅरोची तपासणी सुचवतात.