अंकीं, अक्षरीं आणि तिथिवारीं

सन १८५२ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशनला कायद्याचें बळ मिळालें, तेव्हां अनेक घरांतून पिढ्यानुपिढ्या जपून ठेवलेल्या सनदा बाहेर निघाल्या. ज्याची सनद खरी ठरेल त्याची जमीन टिकणार आणि ज्याची ठरणार नाहीं त्याच्या जमिनीवर सारा बसणार, असा तो प्रसंग होता. सनद लिहिणारा कारकून, ती देणारा पेशवा आणि ती घेणारा इनामदार हे बहुधा केव्हांच निवर्तले होते. साक्ष द्यावयाची ती त्या कागदानेंच. खोटा कागद ओळखूं यावा आणि खरा कागद निःशंकपणें वाचतां यावा, यासाठीं मराठी दफ्तरांनीं जी लेखनाची रीत बसविली होती तिची कसोटी अशा वेळीं लागली.

त्या रीतीचें मर्म थोडक्यांत सांगतां येतें. महत्त्वाची गोष्ट एकदांच लिहावयाची नाहीं. ती दोन-तीन निरनिराळ्या प्रकारांनीं लिहावयाची, म्हणजे एके ठिकाणीं फिरविलेलें दुसऱ्या ठिकाणीं उघडें पडतें.

प्रथम रकमेचें पाहूं. जुन्या हिशेबांत पाव, अर्धा आणि पाऊण हे अपूर्णांक उभ्या रेघांनीं दाखवीत. चाराच्या अंकापुढें दोन रेघा असल्या तर साडेचार, तीन असल्या तर पावणेपांच. म्हणजे बोरूच्या एका फटकाऱ्यानें पाव रुपया वाढविणें शक्य होतें. पूर्णांकाचीही तीच गत. पांचशेंच्या आंकड्यामागें एक लिहिला कीं पंधराशें, पुढें शून्य दिलें कीं पांच हजार. यावर उपाय म्हणून आंकड्यापुढें तीच रक्कम अक्षरांनीं लिहीत. सावकारी हुंडींत तर आणखी एक पाऊल पुढें टाकीत. रुपये ५००, अक्षरीं पांचशें, निमे अडीचशें यांचे दुप्पट पुरे, असा तिचा मासला असे. आतां या हुंडीचे पंधराशें करावयाचे झाले तर काय काय बदलावें लागेल? आंकड्यांतील एक घालणें सोपें आहे. परंतु ‘पांचशें’ या शब्दाचा ‘पंधराशें’ होण्यास अक्षरें खोडावीं लागतील आणि ‘अडीचशें’चे ‘साडेसातशें’ करणें म्हणजे तो सबंध शब्दच नव्यानें लिहिणें होय. निम्म्याचा शब्द मूळ रकमेच्या शब्दाहून अगदीं वेगळा असतो, त्यामुळें एका युक्तीनें दोन्ही फिरवितां येत नाहींत. शिवाय वाचतांना एखादें अक्षर पुसट असलें तरी निम्म्यावरून पूर्ण रक्कम ठरवितां येते.

मोडी लिपीनेंही या कामीं हात दिला. कारकून आधीं कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढी आणि मग तिच्या खालीं शब्द न तोडतां ओळ भरून काढी. दोन शब्दांमध्यें नवा शब्द घालण्यास जागाच उरत नसे. मजकूर संपला तेथें ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब’ अशा अर्थाची लहान मुद्रा उमटवीत. तिच्या पुढें कोणीं कांहीं वाढविलें तर तें मुद्रेबाहेरचें, म्हणून अग्राह्य.

रकमेइतकीच जपणूक तारखेची होती. मराठी कागदांत बहुधा शुहूर सन असे व तो आंकड्यांनीं न लिहितां अरबी संख्यावाचक शब्दांनीं लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हें वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होई. म्हणून जूनपासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यांत ५९९ व पुढें ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. ११६१ हें १७६० च्या जूनपासून १७६१ च्या जूनपर्यंतचें, म्हणजे पानिपतचें वर्ष. शब्दांचा क्रम ठरलेला असे: आधीं एकम्, मग दशक, मग शतक. त्यामुळें ‘सलास’ म्हणजे तीन आणि ‘सलासीन’ म्हणजे तीस यांत घोटाळा झाला तरी शब्द कोणत्या स्थानीं आहे यावरून तो बहुधा सुटे. मात्र एकम् नसेल तेथें धोका राही. ‘सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६०. पण नकल करणाऱ्यानें ‘सितैन’चें ‘सीत’ केलें कीं ११०६ होऊन चोपन्न वर्षांचा फरक पडे.

मोठ्या सनदांत याहून कडक बंदोबस्त आढळतो. त्यांत राज्याभिषेक शक, संवत्सराचें नांव, मास, तिथि आणि वार अशीं पांच अंगें येत. पानिपतच्या युद्धाचाच दिवस या रीतीनें लिहिला तर राज्याभिषेक शके ८७, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार असा होईल. एखाद्या लबाडानें ८७ चे ९७ केले, तर त्या वर्षाच्या संवत्सराचें नांव विकृति आहे. ‘विक्रम’ आणि ‘विकृति’ या शब्दांत साम्य असल्यानें त्यानें तेंही साधलें असें धरूं. तरी दहा वर्षांनंतर पौष शुद्ध अष्टमीस बुधवारच असेल असें नाहीं. तो योग साधारणतः सातांत एकदां. पंचांग उघडून वार ताडून पाहिला कीं बहुधा लबाडी उघडकीस येते.

तिसरा बंदोबस्त दफ्तराचा. सनद हातावेगळी होण्यापूर्वीं ती अनेक कारकुनांच्या नजरेखालून जाई. एकानें ताडून पाहिली कीं ‘रुजू’ आणि दफ्तरांत नोंद झाली कीं ‘बार’ असे शेरे कागदावर पडत. दररोजच्या घडामोडींची रोजकीर्द वेगळी असे. आजच्या कचेरींतील जावक क्रमांकाचें काम त्या काळीं हे शेरे आणि ही नोंद करीत. सनद कितीही सफाईनें बनविली तरी बनविणाऱ्याला पुण्याच्या दफ्तरांत शिरून त्या दिवसाच्या नोंदींत ओळ घालतां येत नसे. इनाम कमिशनच्या अधिकाऱ्यांनीं पेशवे दफ्तराचा आधार घेतला तो याचसाठीं.

ही सारी काळजी सरकारी सनदांची झाली. सरदार-कारकुनांचीं आपसांतील पत्रें लिहितांना मात्र वर्ष घालण्याचा कंटाळा केला जाई. ‘छ’ हें अक्षर, त्यापुढें चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना एवढ्यावर भागवीत. ज्याला पत्र गेलें त्याला वर्ष ठाऊकच होतें! पुढें इतिहाससंशोधकांना मात्र अशा शेंकडों पत्रांसाठीं डोकें शिणवावें लागलें. तेथें एकच गोष्ट उपयोगी पडते. मुसलमानी महिना दरवर्षीं सुमारें अकरा दिवस मागें सरकतो. सन १७६० त मोहरम ऑगस्टांत लागला होता, तर १७७० त एप्रिलच्या अखेरीस. मोहरमच्या पत्रांत नदीला पूर असल्याचा मजकूर असेल, तर तें पहिल्या वर्षाजवळचें धरावें, दुसऱ्याचें नव्हे. परंतु तेहतीस वर्षांनीं तोच महिना त्याच ऋतूंत परत येतो. म्हणून केवळ ऋतूवर विसंबून भागत नाहीं. पत्रांतील माणसें व प्रसंगही जुळवावे लागतात. लिहिणाऱ्यानें वांचविलेले दोन शब्द वाचणाऱ्याला कित्येक दिवसांचे श्रम देतात तें असे.

अक्षरांचा हा मान पुढें कायद्यानेंही राखला. सन १८८१ च्या हुंडी-चेकांच्या कायद्याच्या अठराव्या कलमाप्रमाणें आंकडा आणि अक्षर यांत विरोध आला तर अक्षरीं लिहिलेली रक्कम खरी मानावयाची. आंकड्याला एक रेघ पुरते, अक्षराला सबंध शब्द फिरवावा लागतो, हेंच त्याचें कारण.