लस, प्रतिजैविक आणि विषाणुरोधक औषध

या तिन्हींच्या वापराची वेळ इन्फ्लुएंझा (फ्लू) या एकाच आजारात स्पष्ट दिसते. लस विषाणूला मारत नाही. ती शरीराला त्याची आधीच ओळख करून देते. प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला सुमारे 2 आठवडे लागतात, म्हणून ताप आल्यावर घेतलेली लस त्या तापात उपयोगी पडत नाही. रेबीजमध्ये मात्र प्राण्याने चावा घेतल्यानंतरही लस देतात, कारण तो विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सावकाश सरकतो आणि लशीला वेळ मिळतो.

ओसेल्टामिविर हे विषाणुरोधक औषध नव्या विषाणूंना बाधित पेशीपासून सुटू देत नाही. विषाणूंची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिगेला पोहोचते. त्यामुळे लक्षणे दिसल्यापासून 48 तासांच्या आत ते सुरू केल्यास सर्वाधिक फायदा होतो. रुग्णालयात दाखल झालेल्या गंभीर रुग्णाला ते उशिरानेही देतात.

पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके जिवाणूंची पेशीभित्तिका बांधू देत नाहीत. विषाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे साध्या फ्लूवर ती निरुपयोगी ठरतात. उलट जुलाब, पुरळ असे त्रास होतात आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे राहतात. मात्र फ्लूने श्वसनमार्गाचे अस्तर सोलवटले की न्यूमोकॉकससारखे जिवाणू फुप्फुसात उतरू शकतात. उतरलेला ताप पुन्हा चढणे, घट्ट पिवळसर कफ आणि धाप ही त्याची चिन्हे. अशा वेळी तपासणी करून प्रतिजैविक लवकर सुरू करावे लागते.