रिकर्व्ह की कंपाउंड? पहिलं धनुष्य घेण्याआधी हे दोन आकडे बघा

तिरंदाजी सुरू केली तेव्हा मी फोन घेतो तसं धनुष्य घेतलं, म्हणजे स्पेसिफिकेशन वाचून. 34 पाउंडांचं रिकर्व्ह. महिन्याभरात खांदा दुखायला लागला. चूक मोजमापाची होती.

ड्रॉ लेंग्थ

दोरी पूर्ण ओढल्यावर ती धनुष्यापासून किती लांब येते, ते हे अंतर. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि 2.5 ने भागा. माझं माप 190 सेंमी, म्हणजे 76 सेंमी, साधारण 30 इंच. हा अंदाज आहे. नक्की माप कोच हलक्या धनुष्यावर घेतात.

ड्रॉ वेट

रिकर्व्हवर लिहिलेलं वजन 28 इंचांना मोजलेलं असतं. त्यापुढे प्रत्येक इंचाला साधारण 2 पाउंड वाढतात आणि कमी ओढलं तर तेवढेच कमी होतात. त्यामुळे माझ्या हातात 34 नाही, तर 38 पाउंड येत होते! मोठ्या माणसाने 20 ते 24 पाउंडांपासून सुरुवात केलेली बरी. वजन जास्त झालं की दोरी हनुवटीपर्यंत आणताना खांदा वर चढतो, नेम थरथरतो आणि बाण घाईत सुटतो.

मग फरक काय?

रिकर्व्हमध्ये दोरी जितकी मागे, तितकं वजन जास्त, आणि नेम धरताना ते सगळं तुम्हीच पेलता. कंपाउंडच्या टोकांना कॅम म्हणजे चाकं असतात. शेवटी ती वजन उतरवतात, याला लेट-ऑफ म्हणतात. 40 पाउंडांच्या धनुष्याला 75 टक्के लेट-ऑफ असेल, तर धरून ठेवायला फक्त 10 पाउंड लागतात. पण ओढताना मधे पूर्ण 40 लागतातच.

कंपाउंडची ड्रॉ लेंग्थ कॅमवर ठरलेली असते, त्यापुढे दोरी जात नाही. ती जास्त ठेवली तर तुम्ही मागे झुकता. म्हणून मित्राचं कंपाउंड सहसा आपल्याला बसत नाही, आणि दोरी बदलायला बहुतेक वेळा बो प्रेस हे यंत्र लागतं. सुट्या भागांच्या रिकर्व्हमध्ये मधला रायझर तोच ठेवून फक्त लिंब, म्हणजे वरखालच्या पात्या, बदलता येतात.

मी काय निवडेन?

शिकायला सुट्या भागांचं रिकर्व्ह, हलक्या लिंबसह. मीही शेवटी लिंबच बदलले: 20 पाउंडांचे, म्हणजे माझ्या हातात 24. कंपाउंडच खेळायचं पक्कं असेल आणि मापं लावून देणारा कोच असेल, तर थेट तेच घ्या. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये कंपाउंडमध्येच जगज्जेते झाले.

आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीच सोडू नका. बाणात जाणारा जोर लिंबमध्ये जातो आणि धनुष्य तुटू शकतं.