स्विच्ड कपॅसिटरची कुळकथा

मोबाइलपासून श्रवणयंत्रापर्यंत अनेक चिपांमध्ये काही मोठे रोध प्रत्यक्षात नसतातच. त्यांच्या जागी एक छोटा कपॅसिटर असतो आणि तो सतत इकडून तिकडे जोडणारे दोन स्विच. ही युक्ती 1970च्या दशकातल्या चिपवाल्यांची, असे मानण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती त्यांच्याहून शंभर वर्षे जुनी आहे आणि तिचा जन्म रोध बनवण्यासाठी झालाच नव्हता.

कर्जत–खोपोली लोकलचा विचार करा. माणसे रुळांवरून सलग वाहत नाहीत. गाडी कर्जतला भरते, खोपोलीला रिकामी होते. तरी तासाला किती माणसे पोचली, हे एका फेरीतली माणसे आणि तासातल्या फेऱ्या यांच्या गुणाकाराने कळते. तसाच कपॅसिटर एका फेरीत CV इतका विद्युतभार नेतो. सेकंदाला f फेऱ्या झाल्या, तर सरासरी प्रवाह fCV. ओहमच्या नियमाप्रमाणे V ला या प्रवाहाने भागले की उरते R = 1/(fC).

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1873च्या आपल्या विद्युत-चुंबकत्वावरील ग्रंथात हेच वापरले. व्हीटस्टन ब्रिजच्या एका भुजेत त्याने रोधाऐवजी कपॅसिटर ठेवला. त्याला ठरावीक गतीने भरणारा-रिकामा करणारा कम्युटेटर जोडला होता. ब्रिज समतोलात आला की त्या भुजेचा आभासी रोध कळतो. गती माहीत, रोध माहीत, म्हणून अज्ञात C सापडतो. मॅक्सवेलला धारिता मोजायची होती, रोध हे फक्त साधन. पुढे जे. जे. थॉमसन आणि 1907मध्ये अमेरिकेत रोझा व डॉर्सी यांनी याच वाटेने कपॅसिटरची धारिता मोजली. तीच धारिता त्याच्या भौमितिक मापांवरूनही काढता येते. मोजलेला आकडा विद्युतचुंबकीय एककांत येतो, काढलेला स्थिरविद्युत एककांत; या दोन आकड्यांचे गुणोत्तर म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. एका कम्युटेटरवरून प्रकाशवेग!

मग 1977. बर्कलीत होस्टिका, ब्रॉडरसन आणि ग्रे यांनी, तर दुसरीकडे केव्हज आणि सहकाऱ्यांनी स्विच्ड कपॅसिटर फिल्टरवर लेख छापले. 1972चा डेव्हिड फ्राइडचा लेख त्यांच्याही आधीचा, म्हणून काहीजण मान त्याला देतात. माझे म्हणणे असे की या सर्वांनी मॅक्सवेलचेच समीकरण उलटे धरले. त्याला R माहीत होता, C हवा होता. यांना C माहीत होता, R हवा होता. चिपवर रोध अचूक बनत नाही, त्याच्या मूल्यात वीसेक टक्के फरक सहज पडतो. पण शेजारी बनलेल्या दोन कपॅसिटरांचे गुणोत्तर फार नेमके येते, आणि फिल्टरला गुणोत्तरच लागते. शिवाय एक पिकोफॅरडचा कपॅसिटर सेकंदाला लाखदा फिरवला तर 10 मेगओहम मिळतात. इतका मोठा रोध खरा बनवायचा तर चिपची बरीच जागा जाते.

हे घरीही करून पाहता येते. घरच्या सॉकेटमधली 50 हर्ट्झ हीच कम्युटेटरची गती धरू. 12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर डायोडमधून एक चेंजओव्हर रीड रिले चालवा. मधल्या टोकाला एक मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि मालिकेत 100 ओहम, नाहीतर टोके जळू शकतात. एका बाजूला 9 व्होल्टची बॅटरी, दुसऱ्या बाजूला मायक्रोअॅमीटर, त्याला समांतर मोठा कपॅसिटर, म्हणजे काटा थरथरणार नाही. दर फेरीला 9 मायक्रोकूलॉम, सेकंदाला पन्नास फेऱ्या, म्हणजे 450 मायक्रोअॅम्पिअर. आभासी रोध 20 किलोओहम. डायोड काढला तर साधा रिले दोन्ही अर्धचक्रांत ओढला जातो, फेऱ्या शंभर होतात आणि रोध निम्मा, म्हणजे प्रवाह 900. टोके थोडी उसळली तरी चालते, कारण उसळी थांबल्यावरही कपॅसिटर पुरता भरायला वेळ उरतो.

हे पुरते भरणेच सूत्राची अट आहे. 100 ओहम आणि एक मायक्रोफॅरड यांचा कालस्थिरांक 0.1 मिलिसेकंद. सेकंदाला पन्नास फेऱ्या असताना भरायला जवळजवळ 10 मिलिसेकंद मिळतात, वेळच वेळ. रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच लावून 5 किलोहर्ट्झ केले, तर अर्ध्या फेरीला नेमका एक कालस्थिरांक उरतो. सूत्र 200 ओहम सांगते, प्रत्यक्षात 433 येतात. आणखी गती वाढवली की रोध 400 ओहमवर अडतो. ओळखायचे असे: रोध आणि 1/f यांचा आलेख काढा. मूळबिंदूतून जाणारी सरळ रेषा जिथे वाकते, तिथे सूत्र संपते.

रिले घेताना एक बघा: जुने टोक सुटल्यावरच नवे जोडणारा घ्या. दोन्ही टोके क्षणभर जरी एकत्र जोडली गेली, तरी बॅटरी थेट मीटरला भिडते, आणि मायक्रोअॅमीटर जळू शकतो.