परिपत्रकाचं मराठी आणि बातमीचं मराठी

आजचा विषय तसा रुक्ष वाटेल, पण तो थेट शेतकऱ्याच्या खिशापर्यंत जातो. सरकारी परिपत्रकातलं वाक्य बातमीत येताना त्याचं नेमकं काय होतं, ते आपण पाहू.

आधी ही भाषा आली कुठून? पेशवाईतली मोडी पत्रं पाहिली, तर त्यांत फारसी शब्द भरपूर आहेत, पण हुकूम सहसा कुणालातरी उद्देशून असतो. अमुक कमाविसदाराने अमुक करावे. करणारा माणूस समोर दिसतो. इंग्रजी अमलात वरच्या कचेरीचा कारभार इंग्रजीत गेला आणि त्या इंग्रजीत करणारा माणूस वाक्यातून नाहीसा झाला. पुढे महाराष्ट्र राज्य झालं, १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झालं, राजभाषा अधिनियम १९६४ चा. कारभार मराठीत आला, पण वाक्याचा सांगाडा बऱ्याच अंशी इंग्रजीच राहिला. ‘करण्यात येत आहे’, ‘अनुज्ञेय राहील’, ‘विहित नमुन्यात’ ही त्याचीच पिल्लं. कायद्याच्या इंग्रजीत एका वाक्यात नियम सांगून पुढे त्याला अट जोडायची पद्धत आहे. आपलं ‘परंतु’ आणि ‘तथापि’ तिथून आलं.

मात्र ही भाषा नुसती अवघड म्हणून झटकून टाकता येत नाही. तिच्यात अर्थ घट्ट बांधलेला असतो. उदाहरणासाठी मी एक वाक्य रचलं आहे, पण तऱ्हा अगदी नेहमीची:

‘अतिवृष्टीमुळे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक पीक नुकसान झालेल्या बाधित शेतकऱ्यांना २ हेक्टर मर्यादेत निविष्ठा अनुदान विहित दराने अनुज्ञेय राहील, तथापि, पंचनामा अहवाल सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित केल्याशिवाय अनुदान अदा करण्यात येऊ नये.’

घाईत याची बातमी अशी होते: ‘मुसळधार पावसाने नुकसान झालेल्या दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना मदत मिळणार.’ वाचायला छान, सोपं. पण यात निदान तीन ठिकाणी अर्थ सांडला.

पहिलं, ‘अतिवृष्टी’ म्हणजे नुसता मुसळधार पाऊस नव्हे. महसूल खात्याच्या व्यवहारात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. म्हणून हा शब्द बदलायचा नाही, गरज पडली तर पुढे एका वाक्यात समजावायचा.

दुसरी चूक जास्त महाग पडते. ‘२ हेक्टर मर्यादेत’ ही मर्यादा मदतीची आहे, शेतकऱ्याच्या जमिनीची नाही. चार हेक्टरवाल्यालाही दोन हेक्टरपुरती मदत मिळू शकते. वरची बातमी वाचून तो म्हणेल, ‘हे आपल्यासाठी नाही,’ आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे जाणारच नाही.

तिसरं, ‘अनुज्ञेय’ म्हणजे ‘मिळणार’ नाही. त्याचा अर्थ मिळायला पात्र आहे, एवढाच. पैसे पुढच्या अटीवर अडलेले आहेत आणि ती अटच बातमीतून गळाली.

मग करायचं काय? वाक्य लिहिण्याआधी कागदावर चार गोष्टी मांडाव्यात: कुणाला, काय, किती मर्यादेपर्यंत, कोणत्या अटीवर. प्रत्येकीला स्वतःचं वाक्य द्यावं. मग बातमी अशी होते:

‘अतिवृष्टीमुळे पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान झालेले शेतकरी बियाणे-खतांसाठीच्या सरकारी अनुदानास पात्र ठरतील. अनुदान ठरलेल्या दराने आणि जास्तीत जास्त दोन हेक्टरसाठी मिळेल. जमीन त्याहून जास्त असली तरी ही मर्यादा तीच राहील. मात्र, ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याने पंचनाम्याचा अहवाल प्रमाणित केल्यानंतरच पैसे दिले जातील.’

इथे ‘किमान’ मुद्दाम घातलंय. ‘३३ टक्क्यांपेक्षा जास्त’ लिहिलं असतं, तर बरोबर ३३ टक्के नुकसान झालेला माणूस बाहेर पडला असता. ‘केल्याशिवाय येऊ नये’ हा दुहेरी नकार ‘केल्यानंतरच’ असा सरळ केला; त्यातला ‘च’ काढला तर अट ढिली होते. आणि ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणजे तहसीलदार की आणखी कुणी, हे त्या परिपत्रकात किंवा त्यात उल्लेख केलेल्या आधीच्या शासन निर्णयात शोधावं लागतं. सापडलं तर पदनाम लिहावं. नाही सापडलं तर ‘ठरवून दिलेला अधिकारी’ म्हणावं. अंदाजाने तहसीलदार लिहिलं, तर लोक भलत्याच कचेरीच्या दारात उभे राहतात.

शेवटी तपासणी उलट्या दिशेने करायची. आपली बातमी तेवढी वाचून मूळ अटी परत मांडता येतात का, ते पाहायचं. आपल्या उदाहरणात त्या पाच आहेत: अतिवृष्टी, ३३ टक्के, २ हेक्टर, ठरलेला दर, प्रमाणित पंचनामा. पाचही सापडल्या, तर भाषा सोपी झाली आणि अर्थही शाबूत राहिला. एखादी गळाली असेल, तर वाक्य कितीही गोड असलं तरी ते पुन्हा लिहायचं.