दोन अरुंद मॅट्रिक्स

सात अब्ज पॅरामीटरचे भाषेचे मॉडेल १६ बिटांत साठवले तर सुमारे १४ गिगाबाइट जागा घेते. म्हणजे घरच्या संगणकातल्या २४ गिगाबाइटच्या ग्राफिक्स कार्डावर ते आरामात मावते. पण तेच मॉडेल एखाद्या कामासाठी, समजा तक्रारअर्ज खात्यांनुसार वेगळे करण्यासाठी, पुन्हा शिकवायला घेतले की कार्ड अपुरे पडते. नेहमीच्या पद्धतीत शिकवताना प्रत्येक पॅरामीटरमागे ग्रेडियंट आणि ॲडमच्या नोंदीही ठेवाव्या लागतात, आणि ही बेरीज शंभर गिगाबाइटच्या पुढे जाते.

सगळे पॅरामीटर हलवायचेच कशाला, हा प्रश्न आधीपासून होता. २०१९ मध्ये नील हूल्सबी आणि सहकाऱ्यांनी मूळ मॉडेल गोठवून त्याच्या थरांमध्ये छोटे ॲडॅप्टर बसवले. शिकवणे स्वस्त झाले, पण त्या जादा थरांमुळे प्रत्येक उत्तराला थोडा अधिक वेळ लागू लागला. पुढच्याच वर्षी फेसबुकच्या संशोधकांनी दाखवले, की दोन वाक्यांचा अर्थ एकच आहे का हे ओळखायला रॉबर्टा मॉडेलला अवघे २०० पॅरामीटर शिकवले, तरी पूर्ण शिकवणीच्या ९० टक्के कामगिरी हाती येते. माझ्या मते या कुळकथेतला खरा उलगडा हाच आहे: तयार मॉडेलला नेमक्या कामाकडे वळवायला लागणारा बदल फार लहान असतो.

मायक्रोसॉफ्टमधल्या एडवर्ड हू आणि सहकाऱ्यांनी जून २०२१ मध्ये त्या बदलाला लोरा हे रूप दिले. ४०९६ × ४०९६ च्या मॅट्रिक्समध्ये १ कोटी ६७ लाखांहून अधिक आकडे असतात. त्यांना हात न लावता शेजारी दोन अरुंद मॅट्रिक्स ठेवायच्या, एक ८ × ४०९६, दुसरी ४०९६ × ८. त्यांचा गुणाकार हाच बदल. शिकायचे आकडे उरतात ६५,५३६. सुरुवातीला एकीत यादृच्छिक आकडे आणि दुसरीत सगळी शून्ये असतात, त्यामुळे पहिल्या पायरीला मॉडेल मूळ मॉडेलसारखेच वागते. तेव्हाचा लॉस मूळ मॉडेलपेक्षा वेगळा दिसला, तर जोडणीत चूक आहे असे समजावे. दोन्ही शून्य ठेवल्या, तर ग्रेडियंटही शून्य राहतो आणि काहीच शिकले जात नाही. शिकून झाल्यावर गुणाकार मूळ मॅट्रिक्समध्ये मिळवून टाकता येतो, त्यामुळे उत्तराला जादा वेळ लागत नाही.

नोंदी आटल्या, तरी गोठवलेले मॉडेल जागा अडवतच होते. मे २०२३ मध्ये टिम डेटमर्स आणि सहकाऱ्यांच्या क्यूलोराने ते ४ बिटांत दाबले आणि ॲडॅप्टर मात्र १६ बिटांत शिकवला. सात अब्जांचे मॉडेल चार गिगाबाइटच्या आसपास आले, आणि ३३ अब्जांचे मॉडेलही २४ गिगाबाइटच्या कार्डावर शिकवता आले.

ही बचत नेमक्या कामातच फळते. वर्गीकरण, उत्तराचा ठरलेला साचा, लिहिण्याची ढब ॲडॅप्टर लवकर उचलतो. मॉडेलला नवी भाषा किंवा मोठा नवा विषय शिकवायचा असेल, तर तो बहुधा पूर्ण शिकवणीच्या मागे पडतो.