बाळाच्या खोलीत वास कसला असावा? धुरी, कापूर आणि डांबरगोळ्यांबद्दल आधी हे वाचा

वसई-विरार भागात बाळंतीण घरी आली की तिच्या खोलीला ठरलेला वास येतो. ओवा-वावडिंगाची धुरी, ऊद, कापूर, पेटीतून काढलेली गोधडी. आता त्यात अगरबत्ती, मच्छरांची कॉइल, सुगंधी पावडर आणि वाइप्सची भर पडली आहे. यातलं काय चालेल आणि काय नको, याची ही माहिती.

थोडक्यात उत्तर असं, की पहिल्या महिन्यात तरी बाळाच्या खोलीत मुद्दाम कुठलाच वास आणू नये. का, ते पुढे पाहू.

बाळाला आईचा वास पुरतो

नवजात बाळाची नजर अंधूक असते, पण नाक तयार असतं. दूध कुठे आहे हे ते बरंचसं वासावरून ओळखतं. 1994 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. त्यात जन्मलेल्या 30 बाळांच्या आईचा एक स्तन धुतला आणि दुसरा तसाच ठेवला. 22 बाळं न धुतलेल्या बाजूला वळली.

म्हणून पाजण्याआधी छातीला साबण, पावडर, सेंट काही लावू नये. रोजची साध्या पाण्याची अंघोळ पुरते. वाडीतला सोनचाफा किंवा मोगऱ्याचा गजरा विषारी नसतो, पण तो उशाशी आणि पाजताना नको. अत्तर लावून आलेल्या पाहुण्यांनी बारशाला लांबूनच बाळ बघावं.

धुरी आणि कॉइल

मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो, तर नवजात बाळ 40 ते 60 वेळा. त्यामुळे खोलीतला धूर त्याच्या वजनाच्या मानाने जास्त आत जातो. ओवा औषधी असला तरी जळल्यावर त्याचा धूरच होतो, आणि त्यातले बारीक कण लाकडाच्या धुरासारखेच छातीत बसतात.

पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद असतात आणि बाळंतिणीला शेक द्यायला शेगडी आत आणली जाते. तेव्हा धोका वाढतो, कारण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कळत नाही. घरात कुणाचं डोकं जड झालं, मळमळलं किंवा गुंगी आली, तर आधी सगळ्यांनी बाळाला घेऊन बाहेर मोकळ्या हवेत यावं.

मच्छरांच्या कॉइलवर 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराइतके होते. बाळासाठी मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी हाच बरा उपाय. आजी धुरीशिवाय ऐकतच नसेल, तर धुरी अंगणात करा आणि बाळाला आत ठेवा. शेगडी खोलीत आणू नका. शेकायला गरम पाण्याची पिशवी चालते, पण तीही आईसाठी, बाळासाठी नाही.

सगळ्यात मोठा धोका: डांबरगोळ्या

कपाटात ठेवायच्या पांढऱ्या गोळ्यांमध्ये बहुधा नॅफ्थलीन असतं. तो वास म्हणजे हवेत उडणारं तेच रसायन. ते श्वासातून आत जातं. शिवाय ते तेलात विरघळतं, त्यामुळे मालिश केलेल्या अंगाला असे कपडे लागणं आणखी वाईट.

काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. जिथे पूर्वापार मलेरिया होता अशा भागांत ही कमतरता जास्त आढळते, आणि मुलींपेक्षा मुलांना ती जास्त बाधते. नॅफ्थलीनमुळे अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. ती फार वाढली तर मेंदूला इजा होते. 1963 मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी अशा 21 नवजात बाळांची नोंद केली होती. त्या सगळ्यांत ही कमतरता नव्हती, म्हणजे 'आमच्या घरात कुणाला नाही' म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

समजा, आगाशीच्या एका घरात बाळ पाचव्या दिवशी घरी आलं. आजीने पेटीतली मऊ दुपटी आणि गोधडी काढली. कपडे स्वच्छ दिसत होते, फक्त गोळ्यांचा वास होता. सातव्या दिवशी बाळ जास्त पिवळं दिसू लागलं, दूध ओढेना, आणि लघवीचा डाग लंगोटावर चहासारखा गडद पडला. साध्या काविळीत बाळ दूध पितं, रडतं आणि लघवी फिकी असते. इथे तसं नाही. 'कोवळं ऊन दाखवू' म्हणत दिवस घालवायचा नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. डॉक्टरांना 'कपडे डांबरगोळ्यांतले होते' हे आपणहून सांगायचं, म्हणजे कुठली रक्ततपासणी करायची ते त्यांना लगेच कळतं.

हे टाळणं सोपं आहे. बाळंतपणाच्या महिनाभर आधी पेटीतल्या आणि बाळ-बाळंतिणीच्या खोलीतल्या गोळ्या काढून टाका. कपडे धुऊन काही दिवस उन्हात-वाऱ्यावर ठेवा. नाक लावून वास येत असेल तर ते बाळाला वापरू नका. जाड गोधडीतला वास लवकर जात नाही, ती बाजूलाच ठेवा.

कापूर

सर्दी झाली की खोबरेल तेलात कापूर घालून छातीला लावतात, किंवा कापूर-ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांधतात. कापूर त्वचेतून आणि नाकातून अंगात जातो आणि लहान बाळाला झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलाला कापूर किंवा कापूर असलेला बाम लावू नये. निलगिरी तेलही नको.

तेल, साबण, पावडर घेताना

लेबलवरच्या घटकांच्या यादीत 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' शब्द शोधा. त्या एका शब्दाखाली अनेक रसायनं असू शकतात. 'अनसेन्टेड' लिहिलेल्या वस्तूत कधी कधी मूळ वास झाकायला दुसरा सुगंध घातलेला असतो, म्हणून 'फ्रेग्रन्स-फ्री' लिहिलेलं घ्या आणि तरीही यादी वाचा. 'हर्बल' लिहिलं म्हणजे सुगंध नाही, असं नाही.

मालिशला साधं खोबरेल तेल पुरतं. पुसायला कोमट पाणी आणि मऊ सुती कापड. पावडरची गरज नाही, तिची धूळ श्वासात जाते. दुपटी धुताना कम्फर्टसारखं सुगंधी लिक्विड टाकू नका आणि साबण जाईपर्यंत स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळा. कपडा लागतो तिथेच पुरळ आलं, तर आधी साबण आणि लिक्विडवर शंका घ्या.

थांबू नका, अशा वेळी रुग्णालयात जा

जन्मल्यापासून 24 तासांत कावीळ दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, लघवी गडद झाली, बाळ दूध पीत नाही किंवा सुस्त पडलं, झटके आले, बाळ शांत असताना मिनिटाला 60 पेक्षा जास्त श्वास मोजले गेले किंवा श्वास घेताना छाती आत ओढली गेली, तर वेळ न घालवता निघा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.